आठवड्यातून एकदाच मिळणाऱ्या ७५ मिनिटांत ड्रिल, किक आणि एन्ड्युरन्स कसं बसवायचं?

प्रश्न: "माझ्याकडे १० ते १३ वयाची १४ मुलं आहेत, २५ मीटरचा पूल, ३ लेन आणि आठवड्यातून एकच सेशन, ७५ मिनिटांचं. सगळ्यांना फ्रीस्टाइल येते पण दमली की स्ट्रोक पार बिघडतो. मी २५ मिनिटं ड्रिल, २५ मिनिटं किक आणि २५ मिनिटं लांब स्विमिंग असं करतोय पण तिन्हीत फार फरक दिसत नाहीये. प्लॅन कसा करू?"

उत्तर:

सगळ्यात आधी एक सांगतो, तुमची अडचण मिनिटांच्या वाटणीची नाहीये. २५-२५-२५ च्या जागी ३०-१५-३० केलंत तरी हेच होईल, कारण आत्ता तुमचे तीन भाग एकमेकांशी बोलतच नाहीयेत. ड्रिलमध्ये मुलं एक गोष्ट शिकतात, किकमध्ये बोर्ड धरून भलतीच पोझिशन घेतात आणि मग लांब स्विमिंगमध्ये दोन्ही विसरून जमेल तसं पोहतात, आणि आठवड्यातलं सगळ्यात जास्त अंतर ती ह्या शेवटच्या, बिघडलेल्या स्ट्रोकने कापतायत, म्हणजे पक्का तोच होतोय. "दमली की स्ट्रोक बिघडतो" असं तुम्ही लिहिलंय ना, तोच खरा मुद्दा, आणि पूर्ण सेशन त्याच्याभोवती बांधायचं.

दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या आधीच मान्य करतो. आठवड्यातून एकाच दिवसात दम फार वाढत नाही, त्याला वारंवारता लागते, मुलं बाकीच्या दिवशी सायकल चालवत असतील, पळत असतील तर थोडी मदत होते इतकंच. त्यामुळे तुमच्या एन्ड्युरन्स सेटचं ध्येय "जास्त मीटर" नको, "चांगला स्ट्रोक किती लांब टिकतो" हे ठेवा, ते एका सेशनमध्येही सुधारतं. दुसरं म्हणजे खाली जे आकडे देतोय ते २५ मीटरच्या पूलसाठी आणि साधारण तुमच्या मुलांच्या लेव्हलचे आहेत, तुमची मुलं हळू असतील तर अंतर कमी करा पण रेस्टचं गणित तेच ठेवा.

आता मी कसं करतो ते सांगतो. एका सेशनला एकच टेक्निकचा विषय घेतो आणि तोच तीन आठवडे चालवतो. तुमच्या ग्रुपसाठी मी निवडला असता तो विषय म्हणजे श्वास घेताना पुढचा हात खाली पडणं. ह्या वयात फ्रीस्टाइलमध्ये हे इतकं कॉमन आहे की तुमच्या १४ पैकी निम्म्यांना तरी असेल. मूल उजवीकडे श्वास घेतं तेव्हा डावा हात पुढे लांब राहायला हवा, पण ते त्या हाताने पाणी खाली दाबतं, त्याचा आधार घेऊन डोकं वर उचलतं, डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात आणि तो हात ओढायची वेळ येते तेव्हा तो आधीच खाली पोचलेला असतो, धरायला पाणीच उरत नाही. बाजूने चालत बघा, श्वासाच्या क्षणी पुढच्या हाताचा तळवा कुठे आहे ते दिसतं. बहुतेक मुलं एकाच बाजूला श्वास घेतात त्यामुळे दोष एकाच हातात असतो, तो कुठला ते प्रत्येकाचं लिहून ठेवा.

हा विषय मी मुद्दाम घेतोय कारण त्याचं मूळ किकमध्ये आहे. मूल हात का दाबतं? कारण कुशीवर झाल्यावर त्याला तोल राहत नाही, आधार हवा असतो. तो आधार अंगाच्या रोलमधून आणि किकमधून यायला पाहिजे, तो येत नाही म्हणून हातातून घेतला जातो. म्हणजे ड्रिल, किक आणि एन्ड्युरन्स हे तीन वेगळे कप्पे नाहीतच, एकच गोष्ट आधी शिकायची, मग तिला आधार द्यायचा, मग ती थकव्यात टिकवायची.

सुरुवातीची ५ मिनिटं डेकवर, खांदे आणि घोटे मोकळे करायला आणि आजचा विषय हात करून दाखवायला. मग वॉर्मअप १० मिनिटं, २०० मीटर आरामात, त्यात थोडी बॅकस्ट्रोक, आणि नंतर ४ × ५० फ्रीस्टाइल, प्रत्येक ५० साठी १:२० चा टाइम, म्हणजे ५८ सेकंदात आला तर २२ सेकंद रेस्ट. ह्या ५० मध्ये प्रत्येकाने शेवटच्या २५ चे स्ट्रोक मोजायचे, दोन्ही हात धरून. हा आकडा महत्त्वाचा आहे, तो पुढे लागणार आहे. मुलांची एकमेकांशी तुलना करू नका, उंच मुलाचे १८ आणि बुटक्या मुलाचे २५ असू शकतात आणि दोघंही छान पोहत असतात. पुशऑफ किती लांब गेला त्यावरही आकडा बदलतो, म्हणून प्रत्येक वेळी भिंत सारखीच ढकलायची हे सांगून ठेवा.

त्यानंतर टेक्निक, २० मिनिटं, आणि हळू किक ह्याच्यातच. पहिला भाग ४ × २५ साइड किक, खालचा हात पुढे लांब, वरचा हात मांडीवर, चेहरा पाण्यात, श्वास हवा असेल तेव्हा फक्त मान वळवायची. मी मुलांना दोनच गोष्टी सांगतो, "कान दंडावर" आणि "एक गॉगल पाण्यात". एवढं पुरतं. पुढचा तळवा पाण्याच्या पातळीखाली वीतभर, बोटं पुढे, आणि श्वास घेताना तो तिथेच राहायला हवा. प्रत्येक लेंग्थला बाजू बदला. ५० ते ५५ सेकंदाला एक २५ सोडा, हळू मुलं असतील तर मिनिटाला एक. आणि ड्रिलमध्ये मुलांना ५ ऐवजी १० सेकंदांच्या अंतराने सोडा, नाहीतर मागचा पुढच्याच्या पायाला लागतो आणि दोघांचंही लक्ष उडतं.

इथे एक गोष्ट नक्की होणार, दोन-तीन मुलं साइड किकमध्ये पुढेच जाणार नाहीत, बुडतील, तोंडात पाणी जाईल. ह्यांना हे ड्रिल तसंच रेटायला लावू नका, कारण बुडणारं मूल जीव वाचवायला हात दाबणारच, म्हणजे जे सोडवायचंय तेच आपण शिकवतोय. बहुतेक वेळा घोटे कडक असतात, पाय पाण्यात ताणून मागे जातच नाही, किंवा गुडघ्यातून सायकल मारल्यासारखी किक असते. अशांना ड्रिलपुरत्या आखूड फिन्स द्या. तोल आला की हाताचं काम शिकता येतं, मग काही आठवड्यांनी फिन्स काढा. घोटे हाताने दाबून वाकवायचा प्रकार मात्र करू नका.

दुसरा भाग ४ × २५, सहा किक कुशीवर आणि मग एक स्ट्रोक मारून दुसऱ्या कुशीवर. आणि तिसरा भाग, जो बहुतेक ठिकाणी राहून जातो, ४ × ५०, त्यात पहिले २५ हेच ड्रिल आणि दुसरे २५ पूर्ण फ्रीस्टाइल, १:३० ला एक. ड्रिल नुसतं ड्रिल म्हणून केलं की मुलं ड्रिलमध्ये पटाईत होतात आणि स्विमिंग जसं होतं तसंच राहतं. भिंतीला वळल्यावर लगेच पूर्ण स्ट्रोक मारला की अंगाला ती जाणीव ताजी असते. ह्या दुसऱ्या २५ मध्ये मी फक्त पुढचा हात बघतो, बाकी किती का चुका दिसेनात, त्यावर बोलत नाही. एका मुलाला एका वेळी एकच सूचना, तीही भिंतीला थांबल्यावर, पोहताना ओरडून काही पोचत नाही.

आता एन्ड्युरन्स आधी की जोराची किक आधी, ह्यावर कोचेसची मतं वेगळी असतात. माझं मत स्पष्ट आहे, तुमच्यासारख्या आठवड्यातून एकाच सेशनमध्ये जोराची किक शेवटी. मांड्या हे मोठे स्नायू, जोरात किक मारली की ते लवकर भरून येतात, आणि भरलेल्या पायांनी लगेच १०० च्या रिपीट्स सुरू केल्या की कंबर खालीच राहते, मुलं बुडालेल्या पायांनी २० मिनिटं पोहतात. रोज ट्रेनिंग करणारी मोठी मुलं असतील तर कधी कधी मुद्दाम उलटं करता येतं, थकलेल्या पायांनी पोहायची सवय म्हणून, पण तुमच्याकडे ते परवडणार नाही.

तर एन्ड्युरन्स २० मिनिटं. इथे सगळ्यांना सारखं अंतर देऊ नका, सारखा वेळ द्या. लेन वेगाप्रमाणे लावायच्या आणि त्यासाठी आधी एक टेस्ट लागते, ४०० मीटर आणि २०० मीटर, दोन्ही मनापासून पोहायचे. एकाच दिवशी घेणार असाल तर मध्ये भरपूर रेस्ट, मी तर लागोपाठच्या दोन सेशन्समध्ये एकेक घेतो. ४०० च्या टाइममधून २०० चा टाइम वजा करायचा आणि त्याचे दोन भाग करायचे, तो त्या मुलाचा १०० चा टिकाऊ वेग. सेटमध्ये त्यापेक्षा ३-४ सेकंद हळू पोहायचं आणि १५ सेकंदांच्या आसपास रेस्ट. ह्या वयातली मुलं छोट्या रेस्टमध्ये पटकन सावरतात, त्यामुळे तुकड्यांत पोहूनही दम लागायचा तो लागतोच, आणि वर प्रत्येक भिंतीला स्ट्रोक सुधारायची संधी मिळते. सलग ८०० पोहण्यात ती मिळत नाही.

तीन लेनचं असं करा. ज्यांचा टिकाऊ वेग १:४२ च्या आसपास आहे त्यांना १० × १००, दर २ मिनिटांना एक. मधल्या लेनला, १:५६ च्या आसपासवाल्यांना, ९ × १०० दर २:१५ ला. आणि जी २:१५-२:२० ला येतात त्यांना १०० देऊच नका, १४ × ५० द्या दर १:२५ ला. तिन्ही लेन साधारण २० मिनिटांत संपतात, कोणी थंडीत वाट बघत बसत नाही आणि शेवटच्या लेनमधलं मूल "मीच नेहमी मागे" असं घेऊन घरी जात नाही.

आणि आता तो वॉर्मअपमधला आकडा. प्रत्येक रिपीटच्या शेवटच्या २५ चे स्ट्रोक मोजायचे आणि भिंतीला आल्यावर टाइमसोबत सांगायचे. नियम असा की स्वतःच्या आकड्यापेक्षा ३ किंवा जास्त स्ट्रोक लागोपाठ दोनदा वाढले की त्या मुलाचा सेट बदलायचा. १०० चे ५० करायचे, वेग तोच, रेस्ट जास्त वेळा. तरी आकडा खाली येत नसेल तर एक रिपीट बाहेर.

उदाहरण देतो म्हणजे का ते कळेल. माझ्याकडची एक १२ वर्षांची मुलगी, ४०० चा टाइम ७:२०, २०० चा ३:२८. फरक ३:५२, त्याचे निम्मे १:५६, म्हणजे मधली लेन, ९ × १०० दर २:१५ ला आणि टार्गेट २ मिनिटं. वॉर्मअपमध्ये तिचे स्ट्रोक २१. पहिल्या चार रिपीट्स २:०० ला, स्ट्रोक २१-२२. पाचवी २:००, स्ट्रोक २३. सहावी २:०१, स्ट्रोक २५. सातवी परत २:००, स्ट्रोक २५. नुसतं स्टॉपवॉच बघणारा म्हणेल काय मस्त टिकली. पण ती टिकली नव्हती, पुढचा हात पडायला लागला होता, प्रत्येक स्ट्रोकला कमी पाणी मिळत होतं आणि ते ती घाईघाईत हात फिरवून भरून काढत होती. तिथे थांबवून उरलेले २०० मीटर ४ × ५० केले, दर १:१० ला, ती ५९ ला यायची, स्ट्रोक लगेच २२. म्हणजे दम संपला नव्हता, वेगही जमत होता, फक्त १०० मीटरभर तो हात सांभाळायची ताकद संपली होती. पुढच्या आठवड्यात तिला सुरुवातीपासूनच ५ × १०० आणि मग ८ × ५० दिले, आणि मग दर आठवड्याला दोन ५० काढून एक १०० वाढवत नेलं. हे असं फक्त मीटर मोजून कधीच दिसलं नसतं.

आकडे वाचायचे कसे ते थोडक्यात. टाइम तोच आणि स्ट्रोक वाढले तर टेक्निक सुटतंय, वर सांगितलं तसं तुकडे लहान करा. स्ट्रोक तेच पण टाइम घसरत गेला तर मूल खरंच दमलंय किंवा पहिल्या दोन रिपीट्स जोशात मारल्यात, मुलगे हे फार करतात, तिथे पहिली रिपीट मुद्दाम हळू करायला लावा आणि तरी घसरलं तर ५ सेकंद रेस्ट वाढवा. आणि पहिल्याच रिपीटला दोन्ही बिघडलं असेल तर लेन चुकलीय, खाली हलवा. काही मुलं आकडा कमी दाखवायला लेंग्थभर तरंगत जातात, स्ट्रोक कमी पण टाइम ८-१० सेकंद जास्त, म्हणून दोन्ही आकडे एकत्रच ऐकायचे.

मग जोराची किक, ८ मिनिटं, ८ × २५ दर मिनिटाला एक, आणि खरंच जोरात. हा सेट छोटा आहे तो मुद्दाम, लांबच लांब हळू किक मारून मुलं हळूच किक शिकतात. बोर्डवर माझा राग नाहीये पण बोर्ड धरून डोकं वर ठेवलं की कमरेत बाक येतो आणि पाय खाली जातात, म्हणून मी चार बोर्डवर करतो, चार पाठीवर स्ट्रीमलाइनमध्ये, हात डोक्यामागे ताणून. पाठीवर गुडघे पाण्याबाहेर येताना दिसले की समजायचं किक गुडघ्यातून चाललीय, मांडीतून नाही. पाण्याचा मोठा फवारा उडत असेल तर पाय हवेत मारला जातोय, वर फक्त उकळल्यासारखं पाणी दिसायला हवं. पहिल्या आणि शेवटच्या २५ चा टाइम घ्या, शेवटची ४-५ सेकंदांपेक्षा जास्त घसरली तर सहावरच थांबा. पाण्याखालून किक करायची असेल तर पुशऑफनंतर ५-७ मीटरपुरती, आणि "कोण जास्त वेळ श्वास रोखतो" असली स्पर्धा ह्या वयात अजिबात नको, आधी जोरजोरात श्वास घेऊन आणि मग रोखून पाण्याखाली मूल बेशुद्ध पडू शकतं आणि वरून बघणाऱ्याला ते कळतही नाही.

शेवटी १०० मीटर आरामात, निम्मी बॅकस्ट्रोक. बेरीज केलीत तर ६७ मिनिटं होतात, उरलेली ८ मुद्दाम सोडलीत, १४ मुलांचं पाणी पिणं, गॉगल नीट करणं, लेन बदलणं ह्यात ती जातातच, प्लॅनमध्ये धरली नाहीत तर ती एन्ड्युरन्समधून कापली जातात. मधल्या लेनचे ह्यात २००० मीटर होतात, शेवटच्या लेनचे १८०० किंवा थोडे कमी, आणि ते पुरेसं आहे.

तीन आठवडे हाच सांगाडा, फक्त ड्रिलचा डोस कमी करत जा. पहिल्या आठवड्यात २० मिनिटं, तिसऱ्यात १२, आणि उरलेली ८ एन्ड्युरन्सला. चौथ्या आठवड्यात बाकीचे स्ट्रोक घ्या, फक्त ब्रेस्टस्ट्रोकची किक एकदम खूप देऊ नका, गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं, १००-१५० मीटरने सुरू करा. खांदा दुखतोय असं कोणी म्हटलं तर त्या दिवशी त्याला हाताचं काम बंद, हात बाजूला ठेवून पाठीवर किक करू दे, आणि पुढच्या आठवड्यातही दुखत असेल तर पालकांना सांगून डॉक्टरांना दाखवायला लावा. पॅडल्स ह्या वयात मी देत नाही, हात पडतोय तोवर तर नाहीच.

नोंद ठेवायला एक वही पुरे, प्रत्येक मुलाचे चार आकडे, वॉर्मअपचे स्ट्रोक, कितव्या रिपीटला ३ वाढले, तेव्हाचा टाइम आणि किकच्या पहिल्या २५ चा टाइम. चार आठवड्यांनी "कितव्या रिपीटला" हा आकडा पुढे सरकला असेल तर तुमचं काम होतंय. तो सरकला नाही आणि किकचा टाइमही तिथेच असेल तर त्या मुलाला साइड किकचा भाग अजून तीन आठवडे फिन्ससकट चालू ठेवा. ४००-२०० ची टेस्ट सहा ते आठ आठवड्यांनी परत घ्या आणि लेन नव्याने लावा, त्याआधी नको. पहिल्या टेस्टचे टाइम इथे टाकलेत तर तुमच्या १४ जणांच्या लेन आणि इंटरव्हल लावायला मदत करतो.